ढेकणाचा पोशिंदा, डासाच्या अंड्यांचा मारेकरी: वोल्बाकिया नक्की कुणाच्या बाजूचा?

काजवा
गेल्या आठवड्यात दोन लेख वाचले आणि डोक्यात गोंधळ झाला. पहिला ढेकणांवर. ढेकूण जन्मभर रक्तावर जगतो, रक्तात ब गटातली जीवनसत्त्वं जेमतेम असतात, आणि ती कमतरता त्याच्या पेशींमध्ये राहणारा वोल्बाकिया नावाचा जीवाणू भरून काढतो. प्रतिजैविक देऊन जीवाणू मारला तर ढेकूण खुरटतात, असंही त्यात होतं. छान, म्हटलं सुखी संसार. दुसरा लेख डासांवर. तिथे हाच वोल्बाकिया नराच्या शरीरात बसून ज्या माद्यांमध्ये तो नाही त्यांची अंडी मारतो. जीवनसत्त्वांचं नावही नाही.
प्रश्न असा की एकाच वंशातला जीवाणू इथे अन्नदाता आणि तिथे खंडणीखोर कसा? आणि दोन्ही धंदे एकाच किड्यात एकत्र चालू शकतात का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गप्पिष्ट
काजव्यानेच प्रकाश मागायचा म्हणजे कमाल झाली. बाकी वाचतोय.

आडवाटेचा
माझ्या माहितीप्रमाणे वोल्बाकिया सरळसरळ परजीवी आहे. बरंचसं संशोधन नर मारणे, नराची मादी करणे, अंडी वांझ करणे यावरच आहे. ढेकणातला जीवाणू नक्की वेगळा असणार, नावात गल्लत झाली असेल.
दुसरं म्हणजे, प्रतिजैविक दिल्यावर ढेकूण खुरटले यावरून 'जीवाणू अन्न देत होता' असं म्हणणं ही घाई आहे. औषधच बाधलं असेल. रक्त पूर्ण अन्न आहे, प्रथिनं, लोह, सगळं असतं त्यात.

स्वाती_पां
आडवाटेचा, तुमची दुसरी शंका रास्त आहे. ज्यांनी प्रयोग केला त्यांनाही ती आली होती, म्हणून तो कसा केला ते जरा सविस्तर लिहिते.
जपानमधल्या गटाचं काम आहे, २०१० सालचं. ढेकणांना पातळ पडद्यातून कोमट रक्त पाजायचं, म्हणजे रक्तात काय मिसळायचं ते आपल्या हातात राहतं. एका गटाला रिफाम्पिसिन मिसळलेलं रक्त. वोल्बाकिया गेला, पिल्लांची वाढ रेंगाळली, बरीचशी प्रौढ होईपर्यंत टिकलीच नाहीत, ज्या माद्या झाल्या त्यांची अंडी कमी आणि खराब. इथपर्यंत तुमचा आक्षेप पुरता लागू आहे, औषध बाधलं असेल.
आता पुढचा गट बघा. औषध तेच, मात्रा तीच, फक्त रक्तात ब जीवनसत्त्वांचं मिश्रण घातलं. वाढ सावरली, अंडीही सावरली. औषधाचं विष असतं तर जीवनसत्त्व घालून उतरलं नसतं. म्हणजे जीवाणू गेल्यावर जे कमी पडलं ते जीवनसत्त्वच. नंतर त्याच गटाने मिश्रणातून फक्त बायोटिन वगळून पाहिलं, तर वोल्बाकिया नसलेली पिल्लं पुन्हा अडखळली.
नावात गल्लत नाही. हा खराखुरा वोल्बाकियाच आहे. ढेकणाच्या पोटात त्याच्यासाठी वेगळी पिशवीवजा जोडी असते, तिला बॅक्टेरिओम म्हणतात. नरात ती वृषणांना चिकटून असते. जीवाणू तिथे मोकळा फिरत नाही, पेशींच्या आत राहतो.
आणि रक्त 'पूर्ण अन्न' आहे हे अर्धंच खरं. प्रथिनं रग्गड, ब जीवनसत्त्वं तुटपुंजी. ढेकणाची पाच बालरूपं, प्रत्येक कात टाकण्याआधी पोटभर रक्त लागतं, आणि मधे दुसरं काहीही खाणं नाही.

झोपमोड
खूप उपयुक्त धागा! आमच्याकडे पलंगाच्या फटीत झाले आहेत. तर घरात रिफाम्पिसिन फवारलं तर चालेल का? पाण्यात किती घालायचं?

स्वाती_पां
अजिबात नको. ढेकूण फवारलेलं पाणी पीत नाही, रक्तच पितो, त्यामुळे ते त्याच्या तोंडापर्यंत पोहोचणारच नाही. शिवाय ते क्षयरोगाचं महत्त्वाचं औषध आहे, असं उधळलं तर नको ते जंतू त्याला दाद देईनासे होतील.

गप्पिष्ट
झोपमोड, तुम्ही स्वतःच गोळी घ्या आणि ढेकणांना चावू द्या, तोच एक शास्त्रशुद्ध मार्ग उरतो. (कृपया घेऊ नका.)

मंदार_६२
मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, विषय माझा नाही, पण एक शंका. दाढेच्या दुखण्यावर मला दहा दिवस प्रतिजैविकं दिली तेव्हा डॉक्टरांनी सोबत बी-कॉम्प्लेक्सही लिहून दिलं होतं. म्हणजे माझ्यातही असे जीवाणू आहेत आणि मीही ढेकणासारखाच परावलंबी, असं समजायचं का?

स्वाती_पां
मंदारकाका, साम्य थोडं आहे, फरक मोठा आहे. आपले जीवाणू आतड्याच्या पोकळीत राहतात, अन्नाबरोबर येत-जात राहतात, आणि आपलं बायोटिन मुख्यतः ताटातून येतं. औषध संपलं की आतडं पुन्हा भरतं. ढेकणाचा वोल्बाकिया पेशीच्या आत असतो आणि आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो. एकदा गेला की बाहेरून परत येत नाही. तुम्ही बरे झालात, ढेकणाचा वंशच अडतो.

मंदार_६२
आलं लक्षात. बाहेरून परत येत नाही हे माहीत नव्हतं. घरी मात्र सौ. आता मला ढेकूण म्हणते आहे.

काजवा
स्वातीताई, मग डासांना ही गरज का नाही? तेही रक्तच पितात.

स्वाती_पां
कारण डासाचं बालपण पाण्यात जातं. अळी तिथे जीवाणू, शेवाळं, कुजकं काहीबाही खाते आणि शिदोरी बांधूनच उडते. रक्त पितात त्या माद्या, तेही अंडी घालण्यापुरतं. जो किडा जन्मापासून मरेपर्यंत रक्ताशिवाय काही खात नाही, त्याच्याकडे बहुतेकदा असा घरजावई सापडतो. उवांत वेगळा जीवाणू आहे, त्सेत्से माशीत आणखी वेगळा. त्सेत्सेची अळी तर आईच्या पोटातच वाढते, तिला बाहेरचं काही मिळतच नाही.

आडवाटेचा
प्रयोगाचं पटलं, माघार. पण मूळ मुद्दा सोडत नाही. डासात तो काहीच देत नाही, तरी पसरतो. मग त्याला परजीवी नाही तर काय म्हणायचं? आणि अंडी मारून जीवाणूला काय मिळतं? मेलेल्या अंड्यातून तर तोही पुढे जात नाही.

स्वाती_पां
इथेच खरी गंमत आहे. आधी थोडा इतिहास. हर्टिग आणि वोल्बाक या दोघांनी १९२४ मध्ये क्यूलेक्स डासाच्या प्रजनन-अवयवांत हा जीवाणू पाहिला. काही ठिकाणचे डास एकमेकांशी जुळवले तर अंडी फुटत नाहीत, हेही पुढे दिसलं, पण दोन्हीचा संबंध कळायला १९७१ उजाडलं. टेट्रासायक्लिनने जीवाणू काढून टाकला आणि अंडी फुटायला लागली.
चार जोड्या डोळ्यासमोर आणा. नर-मादी दोघांत जीवाणू नाही: अंडी ठीक. दोघांत आहे: ठीक. मादीत आहे, नरात नाही: ठीक. फक्त नरात आहे आणि मादीत नाही, तिथे अंडी मरतात.
आता आडवाटेचा, तुमचा प्रश्न. मेलेली अंडी कुणाची? ज्या मादीत जीवाणू नव्हता तिची. त्या अंड्यांत वोल्बाकिया मुळात नव्हताच, त्याचं काही गेलं नाही. तो शुक्राणूतून पुढे जात नाही, तयार होणाऱ्या शुक्राणूंतून बाहेर टाकला जातो. नर त्याच्या दृष्टीने बंद गल्ली आहे. पण जाता जाता तो शुक्राणूवर खूण करून ठेवतो. फलन झाल्यावर पहिल्याच विभाजनात बापाची गुणसूत्रं वेळेत आवरत नाहीत आणि भ्रूण कोसळतो. अंड्यात वोल्बाकिया असेल तर तो ती खूण निष्प्रभ करतो. कुलूपही त्याचं, किल्लीही त्याचीच. २०१७ मध्ये यामागची जनुकं सापडली, ती सिफ-ए आणि सिफ-बी.

त्रैराशिक
स्वाती_पां यांच्या चार जोड्या कागदावर मांडून पाहिल्या. गृहीत: मारा पूर्ण, आईकडून सगळ्या पिल्लांत जीवाणू जातो, जोड्या आंधळेपणाने जमतात, जीवाणू असण्याचा तोटाही नाही, फायदाही नाही.
समजा निम्म्या डासांत वोल्बाकिया आहे. ज्यांच्यात आहे त्या माद्यांची सगळी अंडी जगतात. ज्यांच्यात नाही त्यांची निम्मी, कारण निम्मे नर 'खूणवाले'. पुढच्या पिढीत प्रमाण ६७ टक्के. त्यापुढे ८६, मग ९८. तीन पिढ्यांत खेळ खलास.
पण सुरुवात १० टक्क्यांनी झाली तर? पुढच्या पिढीत फक्त ११. आणि १ टक्क्याने सुरू केलं तर १.०१. म्हणजे खूणवाले नर कमी असतील तर धाक कुणालाच बसत नाही. थोडा जरी तोटा असला, किंवा आईकडून काही पिल्लांत जीवाणू पोहोचला नाही, तरी तो सुरुवातीलाच गारद होईल.
मग निसर्गात तो पहिला टप्पा ओलांडतो कसा, हे मला कळत नाही.

गप्पिष्ट
एकूण, पक्ष लहान असताना दादागिरी चालत नाही. समजलं.

आडवाटेचा
त्रैराशिक, हिशोब बरोबर वाटतो. मी मान्य करतो की अंडी मारण्यात जीवाणूचा फायदा आहे. पण म्हणूनच मी परजीवी म्हणतोय.

फुलपाखरी
जरा अवांतर. आडवाटेचा यांनी सुरुवातीला नर मारण्याचा उल्लेख केला, त्याची एक सत्यकथा. सामोआ बेटांवर हायपोलिम्नस बोलिना नावाचं फुलपाखरू आहे. २००१ मध्ये तिथे शंभरात एक नर सापडत होता, कारण वोल्बाकिया नर भ्रूण मारत होता. २००६ पर्यंत नर जवळजवळ ४० टक्क्यांवर आले. इतकी थोडी वर्षं, साधारण दहा पिढ्या. जीवाणू गेला नव्हता, तो तिथेच होता. फुलपाखरातच त्याला दाबणारं जनुक पसरलं होतं. म्हणजे यजमान मुकाट बसलेला नसतो.

काजवा
भारीच! पण मग ढेकूण असा बंड का करत नाही?

फुलपाखरी
जो जेवायला वाढतो आहे त्याच्या ताटावर लाथ कशाला मारेल?

भुंगा_पालक
प्रयोगशाळेतला अनुभव सांगतो, कारण वर 'औषध दिलं, जीवाणू गेला' हे फार सरळ वाटतंय.
आम्ही कडधान्यातला भुंगेरा पाळत होतो, कॅलोसोब्रुकस. वोल्बाकिया काढायचा म्हणून काही पिढ्या प्रतिजैविक दिलं. जीवाणूची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणी केली, तर तो असल्याची पट्टी तिथेच. औषध वाढवलं, पट्टी तिथेच. मला वाटलं नमुने दूषित झाले. पिपेट बदलले, पाणी बदललं, दोन आठवडे सहकाऱ्यावर संशय घेतला, त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. मग एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, 'अरे, नर आणि माद्या वेगळ्या करून बघितलेस का?'
या भुंगेऱ्याबाबत २००२ पासून माहीत असलेली गोष्ट मी वाचलीच नव्हती. वोल्बाकियाच्या जनुकांचा एक तुकडा किड्याच्या स्वतःच्या एक्स गुणसूत्रात जाऊन बसलेला आहे. जीवाणू मेला तरी तुकडा राहणारच, कारण तो आता भुंगेऱ्याचा आहे. माद्यांत दोन एक्स, म्हणून तुकड्याची मात्रा दुप्पट. नर-मादीत तो फरक मिळाला आणि कोडं सुटलं.
तेव्हापासून एका पट्टीवर 'आहे' किंवा 'नाही' म्हणत नाही. अंडाशय रंगवून पेशीत ठिपके दिसतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. सहकाऱ्याची माफी मागितली, अजून पूर्ण मिळालेली नाही.

गप्पिष्ट
जीवाणू गेला, संशय आईकडून मुलांत गेला.

मंदार_६२
भुंगा_पालक, तुकडा किड्यात गेला हे कळलं. मग उलटही होतं का? म्हणजे जीवाणूने बाहेरून काही उचललं? ढेकणातल्या वोल्बाकियाला बायोटिन करता येतं आणि डासातल्याला येत नाही, तर ते कसब आलं कुठून?

भुंगा_पालक
काका, नेमका प्रश्न. ढेकणातल्या वोल्बाकियाचा संपूर्ण जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला, साधारण साडेबारा लाख अक्षरं. त्यात बायोटिन बनवणाऱ्या जनुकांची सलग रांग आहे, जी बहुतेक वोल्बाकियांत नसते. त्या रांगेचे जवळचे नातलग दुसऱ्याच जीवाणूंत सापडतात, कार्डिनियम, रिकेट्सिया वगैरे. तेही किड्यांच्या पेशींतच राहतात. बहुधा कधीतरी एकाच किड्यात दोन भाडेकरू होते आणि एकाने दुसऱ्याची वही उतरवून घेतली.
रायबोफ्लेविन या दुसऱ्या ब जीवनसत्त्वाचं तसं नाही. ती जनुकं वोल्बाकियाच्या बऱ्याच शाखांत आधीपासून आहेत. म्हणजे 'डासातला काही देतच नाही' हे म्हणताना जरा थांबा. बनवण्याची सोय असू शकते, किड्याला गरज नसेल इतकंच.

आडवाटेचा
बनवतो पण देतो याला पुरावा? स्वतःसाठीच बनवत असेल.

भुंगा_पालक
डासाबाबत माझ्याकडे नाही. ढेकणाबाबत आहे, वर स्वातीताईंनी लिहिलाय.

स्वाती_पां
दोन दिवस धाग्यावर नव्हते. काजव्याच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहून गेलाय: दोन्ही धंदे एका किड्यात चालतात का? चालतात. भातावरचा लहान तपकिरी तुडतुडा घ्या, लाओडेल्फॅक्स. हा झाडाचा रस पितो, रक्त नव्हे, पण त्या रसातही ब जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. याच्यातला वोल्बाकिया अंडी मारण्यात पटाईत आहे, हे पूर्वीपासून माहीत होतं. २०२० मध्ये दाखवलं गेलं की तोच बायोटिन आणि रायबोफ्लेविनही पुरवतो. जीवाणू काढून टाकलेल्या माद्यांची अंडी घटतात, आणि ही दोन जीवनसत्त्वं वरून दिली की वाढतात.
आता त्रैराशिक यांचा अडलेला टप्पा बघा. १० टक्क्यांवर धाक चालत नाही. पण जीवाणूवाली मादी जीवनसत्त्वांमुळे थोडी जास्त अंडी घालत असेल, तर धाकाची वाट न बघता तो हळूहळू वर चढेल. पुरेसे नर खूणवाले झाले की पुढचं काम अंडी मारण्याने होईल.

त्रैराशिक
करून पाहिलं. १० टक्क्यांवर सुरुवात, जीवाणूवाल्या माद्यांना २० टक्के जास्त अंडी (आकडा माझ्या मनाचा). पुढच्या पिढीत ११ ऐवजी जवळजवळ १३. एका पिढीत फार नाही, पण हे व्याजावर व्याज आहे, आणि मुख्य म्हणजे किरकोळ तोटा झाला तरी पाऊल मागे जात नाही. माझी अडचण सुटली.

आडवाटेचा
माझी नाही. तुडतुड्यात आधी काय आलं, देणं की मारणं? तुमची गोष्ट 'आधी मदत, मग धाक' अशी आहे. उलटही असू शकतं: आधी धाकाने सगळ्यांत पसरला, पिढ्यान्‌पिढ्या आत राहिला, यजमान आळशी झाला, आणि मग त्याच्याशिवाय चालेनासं झालं. असोबारा नावाच्या गांधीलमाशीत वोल्बाकिया काढला तर मादीत अंडीच तयार होत नाहीत, असं मध्यंतरी वाचलं. तिथे जीवनसत्त्व वगैरे नाही, नुसतं व्यसन आहे.

स्वाती_पां
असोबाराचं बरोबर आहे. तिथे जीवाणू गेला की अंडाशयातल्या पेशी नको तेव्हा आत्मघात करतात. तुडतुड्यात आधी काय आलं हे आजच्या किड्याकडे बघून सांगता येणार नाही. मला माझी गोष्ट जास्त पटते, पण ती गोष्टच आहे.

काजवा
सगळ्यांचे आभार, निम्मा गोंधळ गेला. एक शेवटचं. नर जर बंद गल्ली आहे, तर नर ढेकणात एवढी व्यवस्थित पिशवी कशासाठी? वोल्बाकियाचा तिथे काय फायदा?

स्वाती_पां
नर ढेकूणही पाच वेळा रक्त पिऊनच मोठा होतो, त्यालाही बायोटिन लागतं. आई अंड्यात जीवाणू भरते तेव्हा मुलगा-मुलगी बघत नाही. जे नर जगले त्यांच्याशी जुळून ज्या माद्या अंडी घालतील त्यांत वोल्बाकिया असणारच, कारण सगळ्यांतच आहे.

भुंगा_पालक
इथे मी असहमत. शेवटच्या वाक्याने जीवाणूचा फायदा सिद्ध होत नाही. नरातली पिशवी ही ढेकणाची सोय आहे, वोल्बाकियाची नाही. तो तिथे अडकला आहे इतकंच. प्रौढ नराची पिशवी काढून टाकली तर तो किती दिवस तग धरतो हे कुणी पाहिलंय का? पिल्लांचे आणि माद्यांचे प्रयोग सगळे सांगतात, प्रौढ नराचं कुणी बोलत नाही.

झोपमोड
आमच्याकडे आहेत बरेच, नर हवे असतील तर घेऊन जा.